अंबूबाईची फिर्याद

बंगळुरात मोबाइल फोन नवा नवा आला, तेव्हा तो बड्या उद्योगपतींकडे असायचा, डॉक्टरांकडे असायचा, आणि चामराजपेटेतल्या भीमाचार्य स्वयंपाक्यांकडे असायचा. आचार्यांची लग्नामुंजींची कामं एवढी वाढली होती, की घरचा फोन उचलायला बायको आणि सून दोघी कमी पडत. शेवटी एका यजमानाने गळ घातली, आणि अठ्ठ्याण्णव साली आचार्यांनी तो काळा, विटेएवढा जड फोन घेतला. दुकानदाराने त्यांच्या गळ्यात चोरीचा विमाही बांधला. फोनला चामड्याचं पाकीट आलं आणि तिथेच घोटाळा झाला.

आचार्य पडले सोवळ्यातले. चुलीपाशी असताना ते कोरडा पंचासुद्धा दुसऱ्याच्या हातून घेत नसत, मग चामडं कुठून घेणार? फोन बाहेर ठेवला तर वाजतो कुणासाठी आणि उचलतो कोण? तेव्हा तो अंबूबाईकडे आला.

अंबूबाई भावसारांची. चिकपेटेतल्या एका अरुंद गल्लीत तिचा जन्म गेला. घरात मराठी, दारात कन्नड, शाळाही कन्नडच, त्यामुळे ती एकाच वाक्यात दोन्हीकडे पाय ठेवून बोलायची. नवरा गेला तेव्हा मुलगी लहान होती. आचार्यांच्या हाताखाली ती भाजी चिरायला म्हणून आली आणि पाचसहा वर्षांत उग्राणावर बसली. उग्राण म्हणजे कोठीची खोली. तूप, साखर, काजू, यजमानाची चांदीची भांडी, दक्षिणेची पाकिटं, सगळं तिच्या ताब्यात. चुलीपाशी तिला मज्जाव होता. पण कोठीच्या दारातून तिच्या नजरेवाचून लवंगही बाहेर जात नसे. आचारी मंडळी तिला भीत. मागे एकदा एकाने धोतराच्या घोळात बदाम नेले, तेव्हा तिने सगळ्यांदेखत त्याला फक्त विचारलं, "अण्णा, पोट दुखतंय का? फुगलंय स्वल्प." बिचारा पुन्हा कोठीकडे फिरकला नाही.

फोन वाजला की अंबूबाई पदराला हात पुसायची, हिरवं बटण दाबायची आणि चुलीपासून हातभर लांब उभी राहून तो आचार्यांच्या कानाशी धरायची. आचार्य मान वाकडी करून त्याला न शिवता बोलायचे. आलेल्या फोनलाही तेव्हा मिनिटाला पैसे पडत. यजमान लांबण लावायला लागला, की अंबूबाई हात हळूहळू मागे घ्यायची आणि आचार्य बोलता बोलता पुढे सरकत जायचे. आचारी हसून बेजार व्हायचे.

फोन गेला तो भगवंतराव नावाच्या एका सज्जन गृहस्थांच्या मुलीच्या लग्नात. अंबूबाईची मुलगी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. जेवणं उरकली होती. कल्याणमंडपाच्या, म्हणजे मंगल कार्यालयाच्या, दारात अंबूबाई पाहुण्यांना नारळ-विड्याच्या पिशव्या देत उभी होती. बंगळुरात या पिशवीशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही, त्यामुळे दारात ही रेटारेटी. फोन तिच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत होता. गर्दी ओसरली आणि तिला पिशवी हलकी लागली. पाहते तर तळाशी वीतभर चीर. सरळ, स्वच्छ. ब्लेडची. आतले सुटे पैसे आणि चष्मा एका कोपऱ्यात अडकून राहिले होते, फोन तेवढा गेला होता.

ती तशीच आचार्यांकडे धावली. पिशवी त्यांच्यासमोर धरली.

"आचार्य, कापली बघा. फोन मारला कुणी तरी."

आचार्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "विळी लागली असेल अक्का, भाजी चिरताना," ते म्हणाले.

"मी आज विळीला शिवले पण नाही."

तेवढ्यात भगवंतराव आले. गोष्ट कानावर गेली होती. त्यांचा चेहरा पडला होता. "आचार्य, मुलीची पाठवणी व्हायची आहे," ते हात जोडून म्हणाले. "व्याह्यांची माणसं बसलीत. दारात पोलीस नको. हरवला म्हणून सांगा. मुलीच्या लग्नात चोरी झाली असं नको व्हायला."

आचार्य म्हणाले, "छे छे, चोरी कसली? पडला असेल कुठे तरी. मंगल कार्यात असला शब्द तोंडातून काढायचा नाही." स्वयंपाकघरात तूप संपलं तरी संपलं न म्हणणारा, 'भरपूर आहे, आणखी आणा' म्हणणारा माणूस तो. त्याच्या तोंडी चोरी हा शब्द कसा यावा? अंबूबाईला हे ठाऊक होतं. तिला वाटलं, लग्नघराची अब्रू राखली आचार्यांनी. मोठं मन आहे माणसाचं.

एक शहाणपण मात्र दोघांनी केलं. मंडपाच्या कचेरीतून लगेच मोबाइल कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने आचार्यांचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख विचारली आणि कार्ड बंद करून टाकलं. मग पाठवणीनंतर आचार्य जवळच्या पोलीस ठाण्यात गेले आणि अर्ज दिला, की माझा मोबाइल फोन गर्दीत हरवला आहे. हवालदाराने वाचलं, नोंद केली, पोच म्हणून शिक्का मारला आणि कागद परत दिला. त्याने काही विचारलं नाही. हरवलेल्या वस्तूबद्दल विचारायचं तरी काय असतं?

दुसऱ्या दिवशी दोघं मोबाइल कंपनीच्या ऑफिसात गेले. काउंटरवर पवित्रा नावाची पोरगी होती, हसरी आणि चटपटीत. तिने अर्ज घेतला, ओळखीचा कागद घेतला, पोलिसांच्या पोचेची प्रत घेतली.

"एवढं पुरतं?" अंबूबाईने कन्नडमध्ये विचारलं.

"आम्हाला पुरतं अक्का," पवित्रा म्हणाली. "कार्ड बंद करायला कागद लागतच नाही, नुसता फोन पुरतो. जितक्या लवकर कराल तितकं बरं, कारण बंद होईपर्यंत चोरानं दुबईला फोन केला तरी बिल यांच्या नावावर. तोच नंबर नव्या कार्डावर द्यायचा तर मात्र कागद लागतो. जुनं कार्ड यांच्याकडे नाही, हे पोलिसांना कळवलंय, एवढंच आम्हाला बघायचं. मधल्या वेळात त्या नंबरावरून कुणाला धमकी गेली असली तरी यांच्या अंगावर येत नाही. हरवलं का चोरलं, त्याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही."

"आणि फोन? तो बंद होतो का?"

"तो नाही होत. दुसरं कार्ड घातलं की चालू. आमच्या हातात फक्त कार्ड."

नंबर वाचला. साऱ्या मोसमाची कामं त्या नंबरावर होती. आचार्यांचा जीव भांड्यात पडला. विम्याचं काय ते बघू, म्हणाले.

अंबूबाईच्या जिवाला मात्र पुढच्या कामावर घोर लागला. कामाला गेली तेव्हा आचारी मंडळी तिला बघून गप्प झाली. नंतर कुणीतरी हळूच म्हणालं, पिशवी कशी हो अशी सरळ कापली जाते, हातातल्या हातात? दुपारी यजमानीणबाई स्वतः कोठीत येऊन बसल्या आणि तिच्या देखत चांदीची भांडी मोजायला लागल्या. मोजून झाली, पुन्हा मोजली. तोंडाने म्हणत होत्या, "तसं काही नाही हं अंबूबाई, सहज." अंबूबाई भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्याकडे शेत नव्हतं, घर नव्हतं, शिक्षण नव्हतं. तिच्याकडे एवढंच होतं, की कोठी तिच्या हवाली करून माणसं निर्धास्त झोपत. तेच जायला निघालं होतं.

आचार्य मात्र तिच्याशी नेहमीपेक्षाही गोड वागत होते. "जाऊ द्या हो अक्का. फोन काय, येतो नि जातो. मनाला लावून घेऊ नका," असं दिवसातून दोनदा तरी म्हणत. एकदा तर घरी न्यायला लाडवांचा डबा दिला. आचार्य आपल्या बाजूला आहेत, या एका गोष्टीवर ती तगून होती.

विमा कंपनीला आचार्यांनी वेळेत कळवलं होतं, म्हणून त्यांना बोलावणं आलं. कुठल्याही कचेरीत आचार्य गांगरतात, म्हणून अंबूबाई बरोबर गेली. तिथला साहेब नागपूरकडचा, नंदकिशोर नावाचा. मराठी ऐकून त्याला माहेरचं कुणी आल्यासारखं झालं. त्याने चहा मागवला, पॉलिसी पाहिली, फोनचं बिल पाहिलं, बिलावरचा फोनचा पंधरा आकडी नंबर पाहिला. मग पोलिसांच्या पोचेवर बोट ठेवलं.

"काका, हे तर हरवल्याचं आहे."

"हो. शिक्का आहे ना पोलिसांचा?" आचार्य म्हणाले. त्यांच्या लेखी शिक्का तो शिक्का. देवळाचा नाही तर पोलिसांचा, एवढाच फरक.

"शिक्का आहे. पण तुमची पॉलिसी चोरीची आहे," नंदकिशोर समजुतीने म्हणाला. "तुम्ही फोन कुठं विसरलात, रिक्षात पाडलात, नेमका कसा गेला ते सांगता आलं नाही, तर कंपनी पैसे देत नाही. तसं साफ लिहिलंय इथे. आम्हाला एफआयआर लागतो. म्हणजे गुन्हा दाखल व्हायला पाहिजे, पोलिसांनी तपास करायला पाहिजे, आणि शोधूनही सापडला नाही तर तसा त्यांचा शेवटचा अहवाल पाहिजे. मग आम्ही तुमच्याकडून लिहून घेतो, की पुढे फोन सापडलाच तर तो कंपनीचा. तेव्हा पैसे."

"आणि या कागदावर तपास नाही?" अंबूबाईने विचारलं.

"नाही ना मावशी. ही नुसती पोच. तुम्ही सांगितलं, त्यांनी ऐकलं. गुन्हाच नाही तर तपास कशाचा?"

"म्हणजे या कागदाप्रमाणे चोर नाहीच कुणी."

"नाही. या कागदाप्रमाणे फोन कुणाच्या तरी हातून हरवला."

"माझ्या," अंबूबाई म्हणाली.

आचार्य घाईघाईने म्हणाले, "राहू दे साहेब. नको आम्हाला पैसे. या बाईंना पोलीस ठाण्यात कशाला ओढायचं? चला अक्का."

बाहेर फुटपाथवर आल्यावर अंबूबाई थांबली. "आचार्य, मला ठाण्यात जायचंय."

"अहो, ते तुम्हालाच विचारत बसतील. पिशवी तुमची, खांदा तुमचा."

"विचारू देत ना! लोक न विचारता बोलतायत, ते बरं आहे का? मला कुणी विचारलं, असं व्हायला पाहिजे एकदा. लग्न झालं, पोरगी सासरी गेली, भगवंतरावांची अब्रू राहिली. आता माझी बघू स्वल्प."

जेवताना केस सापडल्यावर होतो तसा आचार्यांचा चेहरा झाला होता.

ठाण्यात नागराज नावाचे सबइन्स्पेक्टर होते. मध्यमवयाचे, शांत. त्यांनी आधी पोच वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या. अंबूबाईने टेबलावर पिशवी उलटी करून ठेवली. तिने ती ना शिवली होती, ना धुतली होती. नागराजनी चिरेत दोन बोटं घातली, कडा पाहिल्या.

"ब्लेड," ते म्हणाले. "बाजारात गर्दीत मारतात ना, तसलं काम. हे त्याच दिवशी का नाही दाखवलंत?" मग आचार्यांकडे वळून म्हणाले, "अर्जात हरवला लिहिलंत म्हणून आमच्या माणसानं हरवल्याची नोंद घेतली. अंगावरून, कापून नेला म्हणजे चोरी. त्याचा गुन्हाच दाखल व्हायला पाहिजे. फोन कुणाच्या ताब्यातून गेला?"

"माझ्या," अंबूबाई म्हणाली.

"मग फिर्यादी तुम्ही. मालक हे, त्यांचाही जबाब घेऊ. सांगा पहिल्यापासून."

तिने सांगितलं. दारातली गर्दी, विड्याच्या पिशव्या, डाव्या बाजूने आलेला रेटा, एक क्रीम शर्टातला माणूस जो पिशवी न घेताच पुढे गेला आणि तिला तेव्हा नवल वाटलं होतं, की फुकटचा नारळ सोडून जाणारा पाहुणा कोण? नागराज तिचं वाक्य न वाक्य कन्नडमध्ये लिहून घेत होते. मध्ये कुठे तारीख, कुठे जागा नीट विचारत होते. उत्तरं देता देता अंबूबाईची पाठ सरळ होत गेली. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदाच कुणी नीट विचारत होतं.

"आता एक," नागराज म्हणाले. "उशीर का झाला आणि पहिल्यांदा हरवला असं का लिहिलं, हे यात यायला पाहिजे. नाहीतर विमावाले अडवतील, उद्या कोर्टातही विचारतील."

"लग्नघर होतं साहेब," अंबूबाई म्हणाली. "मुलीचे वडील हात जोडून उभे राहिले. आचार्यांनी त्यांची अब्रू राखली."

"सरी, ठीक आहे." नागराजनी आचार्यांकडे पाहिलं. "अर्जावर सही तुमची आहे. हेच कारण ना? आणि कुणावर संशय?"

साधे प्रश्न होते. प्रत्येक फिर्यादीत विचारतात तसले. आचार्यांनी नुसतं हो आणि नाही म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण ते खुर्चीच्या हातावर बोट घासत राहिले.

"लग्न हे एक कारण," ते शेवटी म्हणाले. "दुसरंही होतं." त्यांनी अंबूबाईकडे पाहिलं नाही. "मला वाटलं, पोरीच्या बाळंतपणाची अडचण असेल, मोह झाला असेल बाईला. पिशवी स्वतःच कापली असेल. चोरी लिहिली तर पोलीस हिलाच धरतील. इतकी वर्षं राबलीय माझ्याकडे. म्हणून हरवला लिहिलं. हिला वाचवायला."

अंबूबाईला आधी कळलंच नाही. मग विळीचं बोलणं आठवलं, लाडवांचा डबा आठवला, 'मनाला लावून घेऊ नका' आठवलं. यजमानीणबाईंनी भांडी मोजली तेव्हा झालं नव्हतं एवढं दुःख तिला आता झालं. चार लोक कुजबुजले तर त्यांच्याशी भांडता येतं. पण या माणसाने तिला चोर ठरवून, वर क्षमाही करून टाकली होती, आणि तिला पत्तासुद्धा लागू दिला नव्हता. ती त्या क्षमेचे लाडू खात होती.

"आता आहे का संशय?" नागराजनी विचारलं. त्यांचा आवाज मऊ झाला होता.

"नाही. आता नाही," आचार्य म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "चीर मी आज पहिल्यांदा नीट बघितली."

नागराजनी पेन उचललं, पण लिहिलं नाही. "बाई, फिर्याद तुमची आहे. काय लिहू?"

अंबूबाईने पदराने तोंड पुसलं. "लग्नाचंच लिहा साहेब. ते खरं आहे. दुसरं ज्याला सांगायचं होतं त्याला सांगून झालं."

त्यांनी लिहिलं, कुणावरही संशय नाही असंही लिहिलं, आणि मग सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. अंबूबाईने एका ठिकाणी 'उजव्या बाजूने' होतं ते 'डाव्या' करून घेतलं आणि कन्नडमध्ये ठसठशीत सही केली. गुन्ह्याला नंबर पडला. पिशवी पुरावा म्हणून ठाण्यातच राहिली. थोड्या वेळाने प्रत आली. आचार्यांनी सवयीने हात पुढे केला.

"फिर्यादीला देतात ती. फुकट," नागराज म्हणाले आणि त्यांनी ती अंबूबाईच्या हातात ठेवली.

पुढे मंडपाच्या दारात पोलीस येऊन पंचनामा करून गेले, तो क्रीम शर्टवाला काही सापडला नाही, आणि काही महिन्यांनी तपास करूनही शोध लागला नसल्याचा अहवाल निघाला. नंदकिशोरने फाईल पुढे सरकवली. दोन आडमुठ्या पत्रांनंतर आचार्यांना विम्याचे पैसे मिळाले, थोडी कापाकापी होऊन. पण हे सगळं पुढचं.

त्या दिवशी दोघं ठाण्याबाहेर आले तेव्हा समोरच झेरॉक्सचं दुकान होतं. अंबूबाईने प्रत काढून घेतली, झेरॉक्स आचार्यांना दिली आणि मूळ कागद चौघडी करून आपल्याकडे ठेवला.

"हा माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "विमावाल्यांना बघायचा असेल तर मी घेऊन येईन."

"बरं," आचार्य म्हणाले. रस्ता ओलांडताना ते तिच्या मागे मागे चालत होते. रिक्षा थांबवली, पण बसले नाहीत. "अक्का, उद्या यशवंतपूरला मुंज आहे. याल ना?"

सोडून जावं असं अंबूबाईच्या मनात येऊन गेलं होतं. पण ती गेली असती तर साऱ्या चामराजपेटेने काय म्हटलं असतं, ते तिला न सांगता समजत होतं. आणि काम तिला आवडायचं.

"येईन," ती म्हणाली. "पण आचार्य, उद्यापासून कोठीतलं सामान मला मोजून द्यायचं आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायचं. तुम्ही स्वतः. सगळ्यांच्या देखत."

इतक्या वर्षांत आचार्यांनी तिच्याकडून कधी काही मोजून घेतलं नव्हतं. ते कळवळून म्हणाले, "अहो, असं काय करता? माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"तुमचा आहे," अंबूबाई रिक्षात बसत म्हणाली. "माझा राहिला नाही."